इअरफोनची पिन बदलतोय, पण मल्टिमीटरचा बझर सगळ्याच तारांवर वाजतोय

सोनटक्का

वायरवाल्या इअरफोनची पिन गेली आहे. पिनेपाशी तार एका ठरावीक कोनात दाबून धरली तरच डाव्या कानात आवाज येतो, सोडली की जातो. सेटला माइक आहे आणि तीन बटणं आहेत. पिनेवर तीन काळ्या रेघा आहेत, म्हणजे पिनेचे भाग चार.

चार भागांची नवी ३.५ मिमीची पिन आणून ठेवली आहे, वर स्क्रूचं धातूचं टोपण असलेली. जुनी पिन तिच्यामागे साधारण पाच सेंटिमीटर तार ठेवून कापली. आतून चार तारा निघाल्या: लाल, निळी, हिरवी आणि एक तांब्याच्याच रंगाची. टोकं ब्लेडने खरवडली आणि मीटर बझरवर ठेवून कानाच्या बाजूच्या तारा तपासल्या.

लाल आणि तांबूस: वाजतो.
निळी आणि तांबूस: वाजतो.
लाल आणि निळी: हाही वाजतो.
हिरवीला कुठलीही तार लावली तरी गप्प.

प्रश्न दोन आहेत. तीन तारा एकमेकींना वाजताहेत, म्हणजे वर कानाकडे शॉर्ट झालंय का? तसं असेल तर पिन बदलण्यात अर्थ नाही. आणि शॉर्ट नसेल तर कुठली तार पिनेच्या कुठल्या भागाला जोडायची?

---

नाना_वि

आधी फोनचं सॉकेट बघा. त्यात खिशातली लव बसते, पिन पूर्ण आत जात नाही आणि एक कान बंद पडतो. लाकडी टूथपिकने हळूच कोरून काढा. निम्म्या वेळा इअरफोनचा काही दोष नसतो.

---

मधुरा_दि

नाना, त्यांनी पिन कापून झाली आहे :) आणि तार हलवल्यावर आवाज येत-जात असेल तर दोष तारेतच असतो. सॉकेटमध्ये लव असती तर पिन हलवल्यावर फरक पडला असता, तार हलवल्यावर नाही. पुढच्या वेळी मात्र कापण्याआधी दुसरा इअरफोन लावून बघावा, हे नानांचं बरोबर आहे.

---

शशांक७

रंग ठरलेले असतात. लाल उजवा, हिरवी डावा, तांबूस ग्राउंड, उरलेली निळी माइक. जोडून टाका.

---

तारकर

शशांक, लाल आणि तांबूस यांचं तुमचं म्हणणं बहुतेक सेटमध्ये जमतं. बाकीच्या दोघींची खात्री देता येत नाही. काही सेटमध्ये डावा हिरवा असतो, काहींत निळा, आणि माइकला जी तार हाताशी असेल ती वापरलेली दिसते. सोनटक्का यांच्याच आकड्यांवरून त्यांच्या सेटमध्ये हिरवी डावी नाही हे कळतं. हिरवीला बझर वाजतच नाहीये. ती डाव्या कानाची असती तर तांबुसाबरोबर वाजली असती.

आता मूळ प्रश्न. शॉर्ट नाही, सोनटक्का. बझर जे सांगतोय ते खरं आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे.

प्रत्येक कानात एक छोटा स्पीकर असतो आणि त्याच्या आत बारीक तारेची गुंडाळी. इअरफोनमध्ये तिचा रोध बहुधा १६ किंवा ३२ ओहमच्या आसपास असतो. बझर मात्र "शून्य आहे" असं सांगायला वाजत नाही, तो "ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी आहे" एवढंच सांगतो. बऱ्याच मीटरमध्ये तो आकडा ३० ते ५० ओहमच्या दरम्यान कुठेतरी असतो. म्हणजे चांगला, धडधाकट स्पीकरसुद्धा बझर वाजवतो. तुमच्या मीटरवर दोन स्पीकर एकापाठोपाठ आले तरी वाजतोय, म्हणून लाल-निळीलाही आवाज आला.

कानाच्या बाजूला बझर वापरूच नका. मीटर ओहमच्या २०० च्या रेंजवर ठेवा आणि आकडा वाचा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून काय दिसतं ते लिहून घ्या, तेवढं प्रत्येक मापातून वजा करायचं.

नुसतं ब्लेडने खरवडू नका. या तारा केसासारख्या बारीक असतात, प्रत्येक केसावर रंगीत इनॅमलचा थर असतो, आणि मध्ये कापडी धागा असतो. ब्लेडने दोन-चार केस उघडे होतात, बाकीचे झाकलेलेच राहतात किंवा तुटतात. सोल्डरिंग आयर्न ३५० ते ३८० अंशांवर घ्या, टोकावर सोल्डरचा छोटा थेंब धरा, तारेला फ्लक्स लावा आणि तिचं टोक त्या थेंबात बुडवून दोन-तीन सेकंद ठेवा. थर जळून थोडा धूर निघतो आणि तार चकचकीत चंदेरी होते. चंदेरी झाली नाही तर थर गेलेला नाही. खिडकी उघडी ठेवा, हा धूर नाकात जाऊ देण्यासारखा नसतो.

चारही टोकं चंदेरी करा आणि मग सहाही जोड्यांचे आकडे इथे टाका.

---

प्राजक्त

लायटरने जाळलं की एका सेकंदात थर जातो. आयर्न कमी वॉटचं असेल तर तोच उपाय आहे.

---

खटका

लायटरने थर जातो, पण तांबंही काळं पडतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही. मग ते परत घासावं लागतं आणि घासताना अर्धे केस तुटतात. शिवाय ज्योतीत तापलेली तार जिथे जोडाच्या बाहेर येते तिथेच पुढे मोडते.

---

प्राजक्त

क्षणभर ज्योतीतून फिरवायची, धरून ठेवायची नाही. नंतर दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरच्या घडीत पकडून एकदाच ओढायची. मधला नायलॉनचा धागाही वितळून आक्रसतो, तो सोल्डरमध्ये अडकत नाही. पंचवीस वॉटच्या साध्या आयर्नवर काही तारांचा थर जळतच नाही, तेव्हा काय करणार?

---

खटका

तो धागा नायलॉनचा असेल तर. पिवळसर, न वितळणाराही असतो, तो ज्योतीत नुसता काळा पडतो. तो कात्रीनेच कापावा लागतो. थर जळत नसेल तर आयर्नचं टोक स्वच्छ आहे का ते आधी बघावं. काळ्या पडलेल्या टोकातून उष्णता तारेपर्यंत पोचतच नाही.

---

सोनटक्का

तारकर, टोकं चंदेरी झाली. हिरवीला तीनदा बुडवावं लागलं. प्रोब एकमेकांना टेकवून ०.४ दिसतं. आकडे वजाबाकी न करता देतोय.

लाल–तांबूस: १७.०
निळी–तांबूस: १७.२
लाल–निळी: ३३.८
हिरवी–तांबूस: २०० च्या रेंजवर काही नाही. २ किलोओहमवर १.३ च्या आसपास. प्रोब उलटे केले की वेगळाच आकडा येतो.
हिरवी–लाल आणि हिरवी–निळी: हिरवी–तांबूससारखंच, किंचित जास्त.

लाल-तांबुसाला प्रोब लावताना कानात खर्र असा बारीक आवाज येतो. हे बरोबर आहे ना?

---

तारकर

अगदी बरोबर, आणि तोच आवाज पुढे कामाला येणार आहे.

आकड्यांतून ०.४ काढा. लाल–तांबूस १६.६, निळी–तांबूस १६.८, लाल–निळी ३३.४. १६.६ आणि १६.८ यांची बेरीज ३३.४ होते. म्हणजे लालकडून निळीकडे जाताना दोन्ही स्पीकर एकापाठोपाठ लागतात आणि तांबूस त्यांच्या मधोमध बसली आहे. दोघींशी निम्मा आकडा देणारी तार ग्राउंड. हे रंगावर अवलंबून नाही, चारही तारा एकाच रंगाच्या असत्या तरी तांबूस अशीच सापडली असती.

शॉर्ट असता तर एखाद्या जोडीवर १६ ऐवजी १-२ ओहम दिसले असते. तार तुटलेली असती तर मीटरवर OL किंवा डावीकडे नुसता १ आला असता. तुमचे दोन्ही स्पीकर आणि तिथपर्यंतच्या तारा ठीक आहेत.

डावा-उजवा ठरवायला दोन्ही बोळे कानात घाला, त्यांवरच्या खुणा बघून. तांबुसावर एक प्रोब धरून दुसरा लालवर हलकेच घासा. खरखर ज्या कानात येईल त्या कानाची लाल. मीटरच्या या रेंजवर फार थोडा प्रवाह जातो, साध्या स्पीकरला त्याने इजा होत नाही. इअरफोन तेव्हा फोनला जोडलेला नसावा, एवढंच.

हिरवी माइकची आहे, याची खात्री बटणाने करा. मीटर हिरवी–तांबुसावर धरून मधलं बटण दाबा. आकडा एक-दोन ओहमपर्यंत खाली आला तर प्रश्न मिटला. मधलं बटण माइकला सरळ ग्राउंडशी जोडतं, फोनला ते तसंच कळतं. आवाज वाढवायचं बटण अँड्रॉइडच्या सेटमध्ये २४० ओहमचं असतं, कमी करायचं ४७० चं. प्रत्यक्षात दोन्ही थोडे कमी दिसतील, कारण माइक त्यांना समांतर लागलेला असतो.

---

सोनटक्का

लाल उजव्या कानात, निळी डाव्या. मधलं बटण दाबल्यावर १.५. वाढवायचं बटण ०.२०५ (२ किलोच्या रेंजवर). कमी करायचं बटण दाबल्यावर आकडा १.३ वरून हलत नाही.

---

तारकर

कमी करायचं बटण बहुधा आतून गेलं आहे, किंवा त्याच्या पट्टीवरचा एखादा जोड सुटला आहे. त्याचा पिनेशी संबंध नाही. ते नंतर बघू.

आता कापलेलं जुनं शेपूट टाकून दिलं नसेल तर हातात घ्या. सोनटक्का, या कामातला सगळ्यात उपयोगी तुकडा तोच आहे. त्याच्या पाच सेंटिमीटर तारेच्या मोकळ्या टोकाला तशीच चार टोकं चंदेरी करा. या तुकड्यात स्पीकर नाही, माइक नाही. म्हणून इथे बझर वाजला की त्याचा एकच अर्थ, सरळ जोड. एक प्रोब पिनेच्या टोकावर धरून दुसरा एकेका तारेला लावत जा. मग पहिली कडी, दुसरी कडी आणि बूड. कारखान्यात कुठली तार कुठे लावली होती त्याचा नकाशा हातात येईल.

एखाद्या भागाला काहीच वाजलं नाही तर घाबरू नका. तोच तुमचा मूळ बिघाड. बाकी तीन कळल्या की चौथी आपोआप ठरते.

---

वर्षा_म

मला एक शंका आहे. माझ्या सेटमध्ये माइक नाही, पण तारा चार निघाल्या: लाल, हिरवी आणि दोन तांबूस. दोन्ही तांबूस एकत्र पिळून लावल्या तर चालतं का? आणि एकाच तांबुसावर काम भागवलं तर?

---

तारकर

वर्षाताई, तुमच्यात प्रत्येक कानाचा ग्राउंड वेगळा आणला आहे. दोन्ही पिळून एकाच पायावर लावायच्या. एकच लावलीत तर एक कान बंद राहील.

पण पिळण्याआधी मापून घ्या. लाल ज्या तांबुसाशी १६ किंवा ३२ दाखवेल ती तिची जोडीदार, दुसरीशी काहीच दिसणार नाही. जोडीत तांबूसच ग्राउंडला जाते, लाल आणि हिरवी सिग्नलला. ही उलटापालट एका कानात झाली तर तो कान बंद पडत नाही, पण दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात. बास गायब होतो आणि आवाज डोक्याच्या मध्ये न बसता दोन्ही बाजूंना पसरतो. मीटरने हे कळत नाही, कारण आकडे तसेच येतात. ऐकूनच कळतं.

---

वर्षा_म

मापलं. लाल एका तांबुसाशी ३२.६, हिरवी दुसरीशी ३२.९. धन्यवाद.

---

सोनटक्का

शेपटाचा नकाशा:

टोक: निळी. पण तार पिनेच्या मुळाशी वाकवली की बझर तुटतो, सोडली की परत वाजतो.
पहिली कडी: लाल.
दुसरी कडी: तांबूस.
बूड: हिरवी.

म्हणजे बिघाड नेमका पिनेच्या मुळाशी निळीत होता. नवी पिनही याच क्रमाने जोडू ना? तिच्या मागे चार पाय आहेत, एक लांब, त्याला पकडीचे दोन पंख आहेत.

---

खटका

क्रम बरोबर आहे. आत्ताचे बहुतेक फोन हाच मानतात: टोक डावा, पहिली कडी उजवा, दुसरी कडी ग्राउंड, बूड माइक. त्याला सीटीआयए म्हणतात. जुन्या काही फोनमध्ये शेवटची दोन उलट असायची, ओएमटीपी. तुमचा सेट जुना असून तुमच्या फोनवर नीट चालत होता, तेव्हा शेपटाचाच नकाशा घ्या, चर्चा नको.

पिनेच्या पायांचा क्रम मात्र डोळ्यांनी ठरवू नका. नवी पिन रिकामी असतानाच बझरने बघा, कुठला पाय कुठल्या भागाशी वाजतो. पाय मागे ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने कड्या असतील असं नाही. लांब पंखांचा पाय बहुतेक वेळा बुडाशी जोडलेला असतो, म्हणजे तुमच्या नकाशात तिथे हिरवी, माइक. तीन भागांच्या पिनेची सवय असलेला माणूस तिथे हमखास ग्राउंड लावतो.

---

मधुरा_दि

आणि टोपण आधी तारेत ओवा. उष्णतेने आक्रसणारी नळीही. चारही जोड झाल्यावर टोपण टेबलावर दिसलं की सगळं परत सोडवावं लागतं.

---

तारकर

पिनेचे पाय जोडण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे पिन हकनाक वाया जाते.

पिनेच्या कड्यांमध्ये प्लास्टिकच्या चकत्या असतात. पाय जास्त तापला की ती चकती मऊ होते, पाय सरकतो, आणि दोन भाग आतून एकमेकांना चिकटतात किंवा टोक वाकडं होतं. उपाय असा की पिन एखाद्या जुन्या, निकामी सॉकेटमध्ये खोचून मग जोडायची. सॉकेट उष्णता ओढून घेतं आणि पिनेला सरळ धरून ठेवतं. सॉकेट नसेल तर जाड पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात खोचा, निदान हलणार तरी नाही.

पायांवर आधी थोडं सोल्डर लावून ठेवा. तारांना ते आधीच लागलेलं आहे. मग फक्त दोन्ही टेकवायच्या आणि आयर्न एक सेकंद, फार तर दोन. जास्त वेळ लागतोय असं वाटलं तर थांबा, गार होऊ द्या, फ्लक्स लावा, मग परत करा. आतल्या, टोकाच्या पायापासून सुरुवात करा आणि लांब पाय शेवटी. उलट केलंत तर आतल्या पायापाशी आयर्न पोचत नाही.

बाहेरचं रबरी कवच १२ ते १५ मिमी सोला, त्याहून जास्त नको. पकडीच्या पंखांनी कवच धरलं पाहिजे, बारीक तारा नाही. पंख तारांवर दाबले की ते इनॅमलमधून आत शिरतात. मग ती तार बुडाशी शॉर्ट होते, आणि टोपण धातूचं असल्यामुळे तेही बुडाशीच जोडलेलं असतं.

टोपण फिरवण्याआधी पिनेवरच मापून घ्या: टोक–दुसरी कडी, पहिली कडी–दुसरी कडी, टोक–पहिली कडी. तुमच्याकडे १७.२, १७.० आणि ३३.८ च्या आसपासच यायला हवं.

---

प्राजक्त

टोपण बसवताना आत हॉट ग्लू भरा, तारा हलत नाहीत. मी नेहमी भरतो.

---

मधुरा_दि

हॉट ग्लूला पुन्हा उघडताना खूप त्रास होतो, आणि उन्हात तो मऊ पडतो. मला आक्रसणाऱ्या नळीचे दोन थर बरे वाटतात, एक लहान आणि त्यावर दुसरा लांब, म्हणजे तार एकाच जागी न मोडता हळूहळू वाकते. शेवटी तुटते ती कडक आणि मऊ भागांच्या सीमेवरच. ग्लू ती सीमा नुसती दोन सेंटिमीटर पुढे ढकलतो.

---

सोनटक्का

जोडून झालं, टोपणही बसवलं (आधी ओवलं होतं!). आवाज दोन्ही कानांत येतोय, पण विचित्र. वाद्यं येतात, गायकाचा आवाज जवळपास नाहीच, लांबून, विहिरीतून आल्यासारखा. फोनवर समोरच्याला माझा आवाजही जात नाही. घाईत पिनेवर मापायचं राहिलं.

---

खटका

ग्राउंड जोडला गेलेला नाही, किंवा ग्राउंड आणि माइक उलटे लागले आहेत. दोन्हींत असंच ऐकू येतं.

---

तारकर

खटका बरोबर म्हणताहेत. का ते सांगतो, म्हणजे शोधायचं कुठे ते कळेल.

ग्राउंड तुटला की डावीकडून आलेल्या प्रवाहाला परतायला वाट राहत नाही. तो डाव्या स्पीकरमधून उजव्यात जातो. म्हणजे दोन्ही स्पीकरना डाव्या आणि उजव्या आवाजातला फरक मिळतो. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो फरकात उरतच नाही. बाजूची वाद्यं आणि घुमारा तेवढा उरतो.

दोन शक्यतांतली कुठली ते टोपण न उघडता कळतं. गाणं सुरू ठेवून मधलं बटण दाबून धरा. दाबल्यावर गायकाचा आवाज परत आला तर ग्राउंड आणि माइक उलटे लागले आहेत, कारण बटण त्या दोघांना आतून जोडतं आणि वाट मोकळी होते. काहीच फरक पडला नाही तर तांबूस पिनेला लागलेलीच नाही. बटण दाबल्यामुळे गाणं थांबलं तर लॅपटॉपच्या सॉकेटवर बघा.

---

सोनटक्का

लॅपटॉपवर दाबून पाहिलं. काही फरक नाही.
पिनेवर मापलं: टोक–पहिली कडी ३३.९. टोक–दुसरी कडी OL. पहिली कडी–दुसरी कडी OL.

पण तांबूस लागलेली दिसतेय. सोल्डरचा गोळा चांगला गोल आहे.

---

तारकर

गोल गोळा हीच शंकेची खूण आहे. सोल्डर ज्याला धरतं त्यावर ते पसरत जातं, कडेला पातळ होत. ज्याला धरत नाही त्याच्याभोवती ते थेंबासारखं गोल बसतं.

एक विचारतो. मापल्यानंतर तारा सारख्या लांबीच्या करायला कापल्या का?

---

सोनटक्का

हो. पाय एकमेकांच्या मागे-पुढे होते म्हणून तारा कमी-जास्त कापल्या. लाल, निळी, हिरवी परत बुडवल्या. तांबूस उघडी तार दिसली म्हणून तशीच लावली.

---

तारकर

तिथेच झालं. तांबूस उघडी नसते. तिच्यावरही इनॅमल आहे, फक्त ते रंगहीन किंवा सोनेरी असतं, म्हणून तार नागडी वाटते. आधी मापताना ती वाजली कारण तेव्हा टोक चंदेरी केलं होतं. तुम्ही कापलंत तेव्हा चंदेरी टोक गेलं आणि झाकलेलं टोक उरलं. माइकही त्याच ग्राउंडवर आहे, म्हणून तोही गेला.

तांबूस सोडवा, टोक थेंबात बुडवून चंदेरी करा, परत लावा. बाकी तीन जोडांना हात लावू नका.

---

नाना_वि

ही तांबूस तारेची गोष्ट माहीत नव्हती. मी तर ती नेहमी उघडीच समजत होतो आणि बाकीच्यांना ती चिकटू नये म्हणून तिच्यावर टेप लावत होतो.

---

खटका

टेप लावण्यात चूक नाही, नाना. बुडवताना थर जोडापासून दोन-तीन मिमी वरपर्यंत जळतो. तेवढा भाग खरंच उघडा असतो आणि पिनेच्या मागे जागा कमी असते. पाय जवळजवळ असतील तर मधल्या एखाद्या तारेवर बारीक आक्रसणारी नळी घालावीच.

---

शशांक७

माझी एक शंका उरतेच. काही महागड्या इअरफोनमध्ये गुंडाळीचा स्पीकर नसतो, बारीक पत्ती हलवणारे दोन-तीन असतात. तिथेही एका कानाचा १६ आणि दोघांचा मिळून ३२ असा हिशोब चालेल का?

---

तारकर

बेरजेचा हिशोब चालतो, आकडा वेगळा येईल. त्या सेटमध्ये आवाज वाटून द्यायला कपॅसिटर असतात. ज्या स्पीकरच्या वाटेत कपॅसिटर असेल तो मीटरला दिसतच नाही. म्हणून आकड्यावरून त्यात सगळे स्पीकर चालू आहेत की नाही ते कळणार नाही. ग्राउंड ओळखायला पुरे.

---

खटका

मी तिथे मीटरऐवजी शेपटाच्या नकाशावरच भरवसा ठेवेन. तो नाजूक स्पीकर मीटरच्या प्रवाहाने बिघडत नाही असं म्हणतात, पण प्रोब घासून खरखर ऐकण्याचा प्रयोग मी त्यावर करणार नाही.

---

तारकर

मला तसा धोका वाटत नाही, पण तुमच्या पद्धतीत तोटाही नाही.

---

सोनटक्का

तांबूस सोडवली. गोळ्यातून अलगद, सरळ निघून आली, तिला सोल्डर चिकटलंच नव्हतं. बुडवली, चंदेरी झाली, लावली. या वेळी सोल्डर पायावर पातळ पसरलं.

पिनेवर: टोक–दुसरी कडी १७.३, पहिली कडी–दुसरी कडी १७.१, टोक–पहिली कडी ३३.९. बूड–दुसरी कडी १.३ किलो, मधलं बटण दाबून १.६ ओहम. टोपण फिरवल्यावर परत मापलं, तेच आकडे. तार मुळाशी वाकवूनही आकडा हलत नाही.

गायक परत आला, समोरच्याला आवाजही जातोय. आवाज कमी करायचं बटण अजून बंदच आहे. त्याची डबी दोन्ही बाजूंनी चिकटवलेली दिसते. ती न फोडता उघडता येते का?

---

मधुरा_दि

हेअर ड्रायरने एक मिनिट गरम करून सांध्यात जुनं प्लास्टिक कार्ड सरकवून बघा. काही डब्या गोंदाने लावलेल्या असतात, त्या उघडतात. काही वितळवून जोडलेल्या असतात, त्या कडेने कापाव्या लागतात.

---

प्राजक्त

उघडलीत तर बटणाखालच्या पट्टीचा फोटो टाका. ४७० ओहमचा बारीक रोधक सुटलेला असेल, नाहीतर बटणाचीच घुमटी चपटी झाली असेल.